ओळखीच्या शब्दांचा चकवा : ग्रेची ‘एलेजी’ आणि आपले कोश

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत इंग्रजी कविता या मुलखात येऊन पोचली. ती आली शाळेच्या वाटेने. विष्णु मोरेश्वर महाजनी अकोल्याला शिक्षक होते आणि गोपाळ गणेश आगरकर तिथे त्यांचे विद्यार्थी. महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’वरून ‘तारा’ हे नाटक १८७९ साली मराठीत आणले. चार वर्षांनी, १८८३ साली, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले. गुरू-शिष्यांची ही जोडी वऱ्हाडातल्या एका शाळेतली आहे, ही गोष्ट आम्हा बुलढाणा-अकोल्याकडच्या माणसांना सुखावणारी आहे. पण या लेखाचा विषय तो अभिमान नाही. या पिढीने जुनी इंग्रजी कविता ज्या शब्दांतून वाचली, त्याच शब्दांतून आपण आज ती वाचू लागलो तर काय होते, हे इथे पाहायचे आहे.

जुनी कविता वाचताना अडतो तो शब्द आपण कोशात पाहतो. ‘ग्लीब’, ‘जॉकंड’, ‘ली’ असे अनोळखी शब्द आले की वाचक थांबतो, कोश उघडतो, अर्थ घेतो आणि पुढे जातो. हे शब्द कठीण असतात, पण फसवत नाहीत. फसवतात ते ओळखीचे शब्द. ते आजही रोजच्या वापरात असतात, त्यांचा अर्थ आपल्याला पाठ असतो आणि त्या अर्थाने ओळ कशीबशी लागतेही. म्हणून वाचक थांबतच नाही. रात्री शेतातून घरी निघालेल्या माणसाला चकवा लागतो तो अनोळखी रानात नव्हे, रोजच्या पायवाटेवर. सी. एस. लुइस या ब्रिटिश समीक्षकाने १९६० साली ‘स्टडीज इन वर्ड्स’ या पुस्तकात शब्दाच्या अशा आजच्या, हाताशी असलेल्या अर्थाला ‘धोकादायक अर्थ’ म्हटले आहे. धोका अज्ञानाचा नाही. आपल्याला माहीत आहे या खात्रीचा आहे.

उदाहरणासाठी एकच कविता घेऊ. थॉमस ग्रे या कवीची खेड्यातल्या चर्चच्या दफनभूमीवरची ‘एलेजी’ फेब्रुवारी १७५१ मध्ये लंडनला छापली गेली. तिच्यात चार-चार ओळींची बत्तीस कडवी आहेत. पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या १८६१च्या संग्रहात ती आली आणि त्या संग्रहाबरोबर ती हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांतही पोचली. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ती परीक्षेसाठी पाठ केली. तिचा विषय साधा आहे. संध्याकाळ होते, नांगऱ्या थकून घरी जातो, आणि कवी खेड्यातल्या थडग्यांपाशी उभा राहून विचार करतो की इथे पुरलेल्या गरीब, निरक्षर माणसांत कोण कोण असू शकले असते.

या कवितेचा दुसराच शब्द ‘कर्फ्यू’ आहे. आजचा कोणताही इंग्रजी-मराठी कोश उघडा, त्यापुढे ‘संचारबंदी’ असे लिहिलेले सापडेल. दंगलीच्या काळात किंवा २०२० च्या साथीत ज्यांनी हा शब्द ऐकला, त्यांच्या मनात तो ऐकताच रिकामे रस्ते आणि पोलिसांची गाडी उभी राहते. कवितेच्या दारातच असा अर्थ लागला की पुढची शांत संध्याकाळ दहशतीची वाटू लागते. मूळ शब्द मात्र वेगळाच आहे. तो ‘आग झाका’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आलेला आहे. मध्ययुगात लाकडी घरांना आग लागू नये म्हणून रात्री ठरल्या वेळी घंटा होई आणि लोक चुलीतले निखारे राखेखाली झाकत. ग्रेच्या काळापर्यंत तो नियम उरला नव्हता, पण संध्याकाळची घंटा अनेक गावांत चालू होती. म्हणजे कवितेतला ‘कर्फ्यू’ हा आवाज आहे, हुकूम नाही. आपल्या जुन्या घरांतही रात्री चुलीतला विस्तव राखेखाली दडपून ठेवीत. ‘आता विस्तव झाका, निजा’ असे सांगणारी ती घंटा आहे, हे कळले की दिवस मावळल्याचे ते चित्र आपोआप जागेवर येते.

या पहिल्या शब्दात चुकले तर वातावरण बिघडते. पण यापुढच्या दोन-तीन शब्दांत चुकले तर कवितेचा मुद्दाच उलटा होतो.

चौथ्या कडव्यात कवी थडग्यांत झोपलेल्या गावकऱ्यांच्या पूर्वजांना ‘रूड’ असे विशेषण लावतो. आजच्या कोशात ‘रूड’ म्हणजे उद्धट, असभ्य. मग अर्थ निघतो की गावचे उद्धट पूर्वज इथे निजले आहेत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या वाचकाला हे वाक्य टोचते आणि हा शहरी साहेब खेडुतांना हिणवतो आहे असे वाटते. पण दोन-चार कडव्यांनंतर तोच कवी महत्त्वाकांक्षी, बड्या लोकांना बजावतो की या माणसांच्या उपयोगी कष्टांची थट्टा करू नका. ज्यांना त्याने उद्धट म्हटले, त्यांचीच बाजू तो लगेच कशी घेईल? इथे वाचकाने थांबायला हवे. ‘रूड’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ कच्चा, न घडवलेला असा होता. न घडवलेला दगड, न नांगरलेली जमीन, न शिकलेला माणूस, या सगळ्यांना तो लागे. ग्रेला म्हणायचे आहे ते ‘अशिक्षित, साधे’. घडण नाही एवढेच तो सांगतो. वागणूक वाईट असे तो म्हणत नाही. आज मात्र त्या शब्दात वागणुकीचाच अर्थ वर आला आहे.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्यावर या कवितेचे सगळे मर्म तोललेले आहे. साधारण मध्यावर कवी म्हणतो की या थडग्यांत कदाचित असे हृदय असेल ज्यात स्वर्गीय अग्नी होता, असे हात असतील ज्यांनी राज्य चालवले असते किंवा वीणेला जिवंत केले असते. पण ज्ञानाने आपले पान त्यांच्यापुढे कधी उघडले नाही. मग गारठवणाऱ्या दारिद्र्याने त्यांचा उदात्त ‘रेज’ दाबून टाकला आणि आत्म्याचा ‘जीनियल’ प्रवाह गोठवला.

आजच्या कोशाप्रमाणे ‘रेज’ म्हणजे संताप आणि ‘जीनियल’ म्हणजे मनमिळाऊ. त्यामुळे ओळीचा अर्थ असा होतो की दारिद्र्याने त्यांचा उदात्त संताप दाबला. हा अर्थ आपल्या मनाला भावतो, कारण गरिबांचा दबलेला संताप ही आपल्या काळाची, आपल्या साहित्याची ओळखीची भाषा आहे. पण ग्रे हे म्हणत नाही. त्याच्या काळच्या काव्यभाषेत ‘रेज’ म्हणजे अंगात संचारणारी स्फूर्ती, कवीला झपाटणारा आवेश असाही अर्थ होता. कवीला दैवी वेड लागते ही ग्रीक-रोमन कल्पना आहे आणि त्या वेडासाठी लॅटिनमध्ये जे शब्द होते, त्यांची छाया या इंग्रजी शब्दावर पडलेली आहे.

हा अर्थच इथे खरा, दुसरा नाही, हे कशावरून? कवितेतच तीन पुरावे आहेत. पहिला पुरावा अगोदरच्या कडव्यातला स्वर्गीय अग्नी. कवी अग्नीची गोष्ट बोलतो आहे आणि ‘रेज’ हा त्या अग्नीचाच आवेश आहे. दुसरा पुरावा दारिद्र्याला लावलेले ‘गारठवणारे’ हे विशेषण आणि ‘गोठवले’ हे क्रियापद. एका बाजूला ऊब, आग, वाहते पाणी. दुसऱ्या बाजूला थंडी आणि बर्फ. ‘जीनियल’चा जुना अर्थ जीव देणारा, जन्म देणारा, ऊब देणारा असा होता. तो घेतला की वाहता उबदार प्रवाह थंडीने गोठला हे चित्र पुरे होते. ‘मनमिळाऊ प्रवाह’ या शब्दांना तर अर्थच नाही. तिसरा पुरावा पुढचा. यानंतर थोड्याच अंतरावर कवी तीन नावे घेतो : सत्तेला विरोध करणारा हॅम्पडेन, कवी मिल्टन आणि सेनानी क्रॉमवेल. इथे निजलेल्यांत असे कोणी असतील, असे तो सुचवतो. ग्रेच्या आधीच्या खर्ड्यात याच जागी रोमन नावे होती. ती काढून त्याने आपल्या देशाची नावे घातली. यादीत कवी आहे, योद्धा आहे, देशभक्त आहे. या तिघांमध्ये समान ते प्रतिभेचे बळ. गरिबीने जे मारले ते हे बळ, हा कवितेचा मुद्दा आहे.

दोन वाचनांत फरक किती पडतो पाहा. ‘संताप’ असा अर्थ घेतला तर कविता सांगते की गरिबी माणसाला मुकाट्याने सोसायला लावते. ‘प्रतिभेचा आवेश’ असा अर्थ घेतला तर ती सांगते की गरिबी माणसात जे होऊ शकले असते तेच मारून टाकते. पहिल्यात अन्यायाविरुद्धची आग विझते. दुसऱ्यात ज्ञान न मिळाल्यामुळे माणूसच अर्धा राहतो. दुसरी गोष्ट महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना विद्येच्या अभावाबद्दल जे म्हटले, त्याच्या पुष्कळ जवळची आहे. म्हणजे आजच्या अर्थाने कविता आपल्याला अधिक जवळची वाटते खरी, पण जुना अर्थ लावला तर ती आपल्या एका जुन्या, खऱ्या प्रश्नाजवळ येते.

मराठी वाचकासाठी या ‘रेज’मध्ये आणखी एक गंमत आहे. आपण त्याचे भाषांतर ‘राग’ असे करतो. पण संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. ‘अनुराग’मध्ये तो अर्थ अजून आहे आणि गाण्यातला राग तर सर्वांना ठाऊक आहे. मराठीत मात्र तो क्रोध झाला. संतवाङ्मयात ‘रागद्वेष’ असा जोडशब्द आला की आजचा वाचक ‘क्रोध आणि तिरस्कार’ असे वाचतो. तिथे अर्थ आहे ‘आसक्ती आणि तिरस्कार’, म्हणजे ओढ आणि दुरावा. इंग्रजी शब्दाचे जे झाले, तेच आपल्या शब्दाचेही, आणि दोन्ही ठिकाणी तीव्र भावनेचा शब्द अखेर रागावर येऊन थांबला.

कवितेच्या शेवटी एका तरुणाचा मृत्युलेख आहे. त्यात म्हटले आहे की ‘सायन्स’ने त्याच्या हीन जन्माकडे पाहून कपाळाला आठी घातली नाही. आजच्या कोशात ‘सायन्स’ म्हणजे विज्ञान. मग हा कवी स्वभावाचा, एकटा फिरणारा तरुण पदार्थविज्ञान शिकला होता असे वाचावे का? डॉ. सॅम्युअल जॉन्सनचा मोठा इंग्रजी कोश १७५५ साली, म्हणजे या कवितेनंतर चारच वर्षांनी छापला गेला. त्यात ‘सायन्स’चा पहिला अर्थ फक्त ‘ज्ञान’ असा दिला आहे. प्रयोगशाळेतले विज्ञान एवढाच अर्थ या शब्दाला पुढे, एकोणिसाव्या शतकात चिकटला. ‘सायंटिस्ट’ हा शब्दसुद्धा १८३३च्या सुमारास नवा घडवला गेला. म्हणून मृत्युलेखाचा अर्थ असा : जन्म गरीब घरचा होता, तरी विद्येने त्याला दूर लोटले नाही.

हे कळले की कवितेचे दोन भाग एकमेकांना जोडले जातात. मध्यभागी ज्या गावकऱ्यांपुढे ज्ञानाने पान उघडले नाही, त्यांच्यातल्याच एकापुढे अखेरीस ते उघडलेले आहे. आणखी एक बारीक खूण तिथेच आहे. त्या तरुणाची हकीकत सांगणारा म्हातारा शेतकरी वाटसरूला थडग्याजवळ जाऊन लेख वाचायला सांगतो आणि ‘तुम्हाला वाचता येते’ अशा अर्थाचे बोलतो. म्हणजे म्हाताऱ्याला वाचता येत नाही. ‘सायन्स’चे विज्ञान केले की हा सगळा धागा तुटतो. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी ‘शास्त्र’ किंवा ‘विद्या’ हे शब्द वापरले असते तर चूक कमी झाली असती, कारण ‘व्याकरणशास्त्र’ म्हणताना ‘शास्त्र’ आजही कोणतेही सुसंगत ज्ञान अशा अर्थाने आपण बोलतो. ‘विज्ञान’ या शब्दाचीही तीच कथा आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेतल्या ‘विज्ञान’चा अर्थ प्रपंचाचे ज्ञान असा केला आहे; ज्ञानेश्वरी वाचताना तिथे प्रयोगशाळा आणणाराही असाच फसेल.

मग उपाय काय? जुन्या कवितेतल्या प्रत्येक शब्दाचा जुना अर्थ घ्यावा का? तसे केले तर उलट्या बाजूचा चकवा लागतो. ‘फॉन्ड’ हा शब्द घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ मूर्ख, वेडगळ असा होता आणि मिल्टनने आपल्या आंधळेपणावरच्या सुनीतात तो तसाच वापरला आहे. हे ज्याला नुकतेच कळले तो वाचक ग्रेच्या कवितेत ‘फॉन्ड’ दिसताच ‘मूर्ख’ असे लिहील. पण तिथे प्रसंग असा आहे की जाता जीव कुणाच्या तरी छातीवर विसावतो आणि मिटणारे डोळे कुणाच्या तरी आसवांची अपेक्षा करतात. मरणाऱ्याला मूर्ख छातीचा आधार कशाला हवा? इथे अर्थ ‘मायाळू’ असाच आहे. मिल्टन आणि ग्रे यांच्या या दोन कवितांमध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली होती आणि तोवर हा शब्द मूर्खपणाकडून वेड्या मायेकडे आणि तिथून मायेकडे सरकत आला होता. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असू शकतात. कोणता घ्यायचा हे ओळीतले शेजारी ठरवतात, शब्दाचे वय ठरवत नाही.

शब्दाची व्युत्पत्ती हाही पुरावा नाही, तो फक्त इशारा आहे. ‘प्रोव्होक’ हे त्याचे चांगले उदाहरण. आज त्याचा अर्थ चिथावणे, डिवचणे. लॅटिनमध्ये मात्र ‘पुढे बोलावणे, हाक मारून उठवणे’ असा अर्थ होता. त्यातला ‘बोलण्या’चा धातू आपल्या ‘वाच्’चा नातलग आहे. ग्रे विचारतो की सन्मानाचा आवाज निपचित मातीला ‘प्रोव्होक’ करू शकेल का. इथे ‘हाक मारून उठवणे’ हा अर्थ घ्यायचा, पण लॅटिनमध्ये तो होता म्हणून नव्हे. त्याच्या मागच्या ओळीत सुशोभित अस्थिकलश गेलेला श्वास परत आणू शकेल का असे विचारले आहे आणि पुढे स्तुती मृत्यूचा थंड कान वळवू शकेल का असे. तिन्ही प्रश्न एकाच घडणीचे आहेत, मेलेल्याला परत आणण्याचे. मधला प्रश्नच तेवढा डिवचण्याचा कसा असेल?

यातून वाचनाची एक साधी रीत हाती लागते. ओळखीचा शब्द आला आणि आजच्या अर्थाने ओळ लागली, तरी शेजारच्या विशेषणाकडे, क्रियापदाकडे आणि मागच्या-पुढच्या कडव्याकडे एकदा पाहावे. उदात्त आणि संताप, उद्धट आणि आदर, मनमिळाऊ आणि प्रवाह अशी जोडी कुठे खटकली तर तिथे थांबावे. मग कवितेच्या काळाजवळचा कोश पाहावा. ग्रेसाठी जॉन्सनचा कोश चार वर्षांच्या अंतरावर आहे आणि आज तो संगणकावर फुकट पाहता येतो. त्याहून मोठे साधन ऑक्सफर्डचा ऐतिहासिक कोश. त्याचा पहिला भाग १८८४ साली आला आणि काम १९२८ साली पुरे झाले. त्यात शब्दाचे अर्थ वापराच्या क्रमाने, सनावळीसह उदाहरणे देऊन मांडलेले असतात. त्यामुळे कोणता अर्थ १७५१ मध्ये जिवंत होता हे कळते. शेवटी सापडलेला जुना अर्थ पुन्हा त्या ओळीत बसवून पाहावा. तो बसला आणि खटक गेली तरच तो खरा. नाहीतर कोशातला जुना अर्थही नव्याइतकाच चुकीचा ठरू शकतो.

आपल्या इंग्रजी-मराठी कोशांचा दोष काढण्याचा इथे हेतू नाही. कॅन्डींनी पुरा केलेला, मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला, तो त्या वेळच्या इंग्रजीसाठी. आजचे कोश आजच्या इंग्रजीसाठी असतात. पत्र लिहिणाऱ्याला, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘कर्फ्यू’ म्हणजे संचारबंदी हाच अर्थ हवा आणि तोच तिथे बरोबर आहे. आजचा कोश अडीचशे वर्षांपूर्वीच्या कवितेवर लावला जातो, तेव्हा चूक कोशाची नसते, वापराची असते.

आपल्याच भाषेत हे किती लवकर घडते ते आगरकरांच्या पुस्तकाच्या नावातच दिसते. ‘विकार’ म्हणजे मनातली भावना, आवेग. ‘मनोविकार’ म्हणजे काम, क्रोध, शोक. ‘विकारविलसित’ या नावात आगरकरांनी ‘हॅम्लेट’मधल्या भावनांचा खेळ पकडला. आज मनोविकारतज्ज्ञाची पाटी दवाखान्यावर असते आणि हृदयविकार म्हणजे दुखणे. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासमोर हे शीर्षक ठेवले तर तो ‘आजाराचा खेळ’ असे वाचील, आणि हॅम्लेटच्या वेडाची गोष्ट माहीत असल्याने ते वाचन त्याला चपखलही वाटेल. मधे दीडशे वर्षेही गेलेली नाहीत. ग्रेच्या ओळीतला ‘रेज’ जसा फसवतो, तसाच अकोल्याच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या पुस्तकाचे नाव आता आपल्याला फसवू लागले आहे.